गॅस्केटची बाह्यरेषा: वरचा R112 चा कंस प्रत्येक वेळी आत का वळतो?

आरेखन_शिकाऊ

सर्वांना नमस्कार. मी आयटीआयमधून यांत्रिक आरेखक हा व्यवसाय पूर्ण करून सध्या शिरोळी एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्यात उमेदवारी करत आहे. एका जुन्या पंपाच्या झाकणाखालचे गॅस्केट पुन्हा कापून घ्यायचे असल्यामुळे मला त्याचे द्विमितीय आरेखन ऑटोकॅडमध्ये करायला सांगितले आहे. हाताशी मूळ आरेखनाची एक पुसट झेरॉक्स आहे.

आकार तसा साधा आहे. डावीकडे 40 मिमी त्रिज्येचे मोठे वर्तुळ आणि त्याच्या केंद्रापासून उजवीकडे 65 मिमी अंतरावर 15 मिमी त्रिज्येचे लहान वर्तुळ आहे. खालच्या बाजूने या दोघांना R57 चा आत दबलेला कंस जोडतो आणि वरच्या बाजूने R112 चा बाहेर फुगलेला कंस जोडतो. झेरॉक्सवर 112 मधला मधला अंक नीट दिसत नाही, पण मी तो 1 असाच वाचतो आहे. दोन्ही कंसांच्या केंद्रांची मापे कुठेच दिलेली नाहीत.

`FILLET` ने खालचा कंस लगेच जमला. वरचा मात्र त्याच आज्ञेने काढला की तोही आतच दबतो. नंतर `CIRCLE` मधला `TTR` पर्याय वापरून पाहिला, मोठ्या वर्तुळाच्या उजव्या खांद्यावर आणि लहान वर्तुळाच्या माथ्यावर टिचकी मारली, तरीही तोच आत दबलेला कंस आला. केंद्राचे माप नसताना हा कंस काढता येतो का, की आरेखनातच काही माप राहून गेले आहे?

पत्राकाम

माप राहिलेले नाही. जोडकंसाचे केंद्र आरेखनात द्यायचे नसते, कारण दोन्ही वर्तुळांना स्पर्श करण्याची अट आणि त्रिज्या मिळून ते ठरते.

वरच्या कंसासाठी एवढा त्रास घेण्याचे कारण नाही. ऑब्जेक्ट स्नॅपमध्ये टॅन्जंट चालू करा. `LINE` घेऊन दोन्ही वर्तुळांवर वरच्या बाजूला टिचकी मारली की सामाईक स्पर्शिका अचूक येते, हे मी रोज करतो. तुमच्या मापांवर ती बरोबर 60 मिमी लांबीची यायला हवी. तिची टोके हेच स्पर्शबिंदू. आता `ARC` मधला आरंभ, शेवट आणि त्रिज्या हा पर्याय घ्या, त्याच दोन टोकांवर टिचकी मारा, 112 द्या आणि नंतर ती रेषा पुसून टाका.

आरेखन_शिकाऊ

आपण सांगितल्याप्रमाणे केले. स्पर्शिका खरोखर 60.0000 लांबीची आली, याचे फार समाधान वाटले. कंसही बाहेर फुगलेला आला. पण पडदा खूप मोठा करून पाहिल्यावर मोठ्या वर्तुळाशी तो जिथे मिळतो तिथे एक बारीक कोपरा दिसतो आहे. छापील कागदावरही बोट ठेवावे इतका तो जाणवतो. माझे काही चुकले का?

कंपासपेटी

चूक तुमची नाही, पद्धतीची आहे. `LINE` बद्दल पत्राकाम यांनी जे सांगितले ते पूर्ण बरोबर आहे आणि 60 हे उत्तरही बरोबर आहे, पण सरळ रेषेचे स्पर्शबिंदू कंसाला उसने देता येत नाहीत. रेषा मोठ्या वर्तुळाला केंद्रापासून उजवीकडे साधारण 15.4 आणि वर 36.9 या ठिकाणी स्पर्श करते. R112 चा कंस त्याच वर्तुळाला दुसऱ्याच ठिकाणी स्पर्श करतो. तुम्ही कंसाला परक्या बिंदूंतून जायला लावले. तो त्यांतून गेला, पण तिथे त्याची दिशा वर्तुळाच्या दिशेशी जुळली नाही, आणि तोच तुम्हाला दिसलेला कोपरा आहे.

दहावीच्या भूमितीत स्पर्शवर्तुळांचे प्रमेय आहे: दोन वर्तुळे एकमेकांना स्पर्श करत असतील तर त्यांचा स्पर्शबिंदू त्यांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवरच असतो. बाह्यस्पर्शी वर्तुळांत केंद्रांमधले अंतर त्रिज्यांच्या बेरजेइतके आणि आंतरस्पर्शी वर्तुळांत फरकाइतके असते. मी ड्रॉइंग बोर्डावर शिकलो तेव्हा सगळे जोडकंस याच एका गोष्टीवर काढत होतो, आणि संगणकावरही अडलेल्या ठिकाणी मी अजून तेच करतो.

तुमचा वरचा कंस बाहेर फुगलेला आहे, म्हणजे दोन्ही वर्तुळे R112 च्या मोठ्या वर्तुळाच्या पोटात आहेत. म्हणून त्याचे केंद्र मोठ्या वर्तुळाच्या केंद्रापासून 112 वजा 40, म्हणजे 72 वर, आणि लहान वर्तुळाच्या केंद्रापासून 112 वजा 15, म्हणजे 97 वर असले पाहिजे. मोठ्या वर्तुळाच्या केंद्रावरून 72 त्रिज्येचे आणि लहान वर्तुळाच्या केंद्रावरून 97 त्रिज्येचे साहाय्यक वर्तुळ काढा. ती दोन ठिकाणी छेदतील, त्यातला खालचा छेदनबिंदू घ्या, कारण वर फुगलेल्या कंसाचे केंद्र खाली असते. त्या बिंदूवरून 112 त्रिज्येचे वर्तुळ काढा. केंद्रांना जोडणाऱ्या रेषा पलीकडे वाढवल्या की जिथे त्या वर्तुळांना मिळतात तिथे स्पर्शबिंदू सापडतील.

मोठ्या वर्तुळाचे केंद्र 0,0 धरले तर या केंद्राचे स्थान किती स्वच्छ येते ते पाहा. 65, 72 आणि 97 हे पायथागोरसचे त्रिकूट आहे, कारण 4225 आणि 5184 यांची बेरीज 9409 होते. म्हणून काटकोन मोठ्या वर्तुळाच्या केंद्रापाशी येतो आणि कंसाचे केंद्र बरोबर त्याच्या खाली 0,-72 वर बसते. मोठ्या वर्तुळावरचा स्पर्शबिंदू 0,40, म्हणजे नेमका माथा. लहान वर्तुळावरचा साधारण 75.05,11.13.

खालचा R57 बाह्यस्पर्शी आहे, म्हणून तिथे बेरीज: मोठ्या केंद्रापासून 97 आणि लहान केंद्रापासून 72. तेच दोन आकडे उलट झाले. आता काटकोन लहान वर्तुळापाशी येतो, केंद्र 65,-72 वर बसते आणि लहान वर्तुळावरचा स्पर्शबिंदू 65,-15 हा त्याचा तळ ठरतो. मोठ्या वर्तुळावरचा बिंदू साधारण 26.80,-29.69.

ही चार वर्तुळे काढा आणि `TRIM` ने नको तो भाग कापा:

```
CIRCLE
0,0
40
CIRCLE
65,0
15
CIRCLE
0,-72
112
CIRCLE
65,-72
57
```

आता `TTR` ने तुम्हाला का फसवले ते सांगतो. या दोन वर्तुळांना स्पर्श करणारी 112 त्रिज्येची वर्तुळे एक नाही, आठ आहेत. दोघांना पोटात घेणारे, दोघांना बाहेर ठेवणारे, एकाला आत आणि दुसऱ्याला बाहेर ठेवणारे असे चार प्रकार, आणि प्रत्येक प्रकार वर आणि खाली. ऑटोकॅड त्यातले असे वर्तुळ निवडते की ज्याचे स्पर्शबिंदू तुमच्या टिचक्यांना सर्वांत जवळ आहेत. तुम्ही लहान वर्तुळाच्या माथ्यावर, म्हणजे 65,15 जवळ टिचकी मारली. आत दबलेल्या R112 चा स्पर्शबिंदू 67.5,14.8 च्या आसपास आहे, आणि तुम्हाला हव्या असलेल्याचा त्यापासून जेमतेम साडेसात मिलिमीटर उजवीकडे आणि किंचित खाली. मोठ्या वर्तुळावरही उजव्या खांद्यावर टिचकी मारल्यामुळे तुम्ही चुकीच्या बिंदूच्या जवळ गेलात. मोठ्या वर्तुळाच्या माथ्यावर आणि लहान वर्तुळाच्या बाहेरच्या उजव्या खांद्यावर टिचकी मारलीत तर तेच `TTR` हवे ते वर्तुळ देईल. `FILLET` कडून मात्र ही अपेक्षा ठेवू नका. दोन वर्तुळांमध्ये त्याने मला आजवर आत दबलेलाच कंस दिला आहे.

कॅमवाला

माफ करा, पण एक गंभीर गोष्ट सर्वांच्या नजरेतून सुटते आहे. पायाचे वर्तुळ 40, नाकाची त्रिज्या 15, केंद्रांतील अंतर 65, म्हणजे लिफ्ट 65 अधिक 15 वजा 40, अर्थात 40 मिमी. कुशीचा कंस 112. हा वर्तुळकंसी कॅम आहे आणि त्याची एक कूस आत दबलेली ठेवणे धोक्याचे आहे. सपाट तोंडाचा फॉलोअर त्या खोलगट भागात पोचणारच नाही, तो दोन्ही कडांवर टेकून राहील. रोलर वापरला तरी त्याची त्रिज्या 57 पेक्षा लहान ठेवावी लागेल.

दुसरे असे की कॅमसाठी नुसता स्पर्श पुरेसा नसतो. माथ्यावर वक्रतेची त्रिज्या 40 वरून एकदम 112 होते. फॉलोअरचा वेग तिथे अखंड राहतो, पण त्वरण एका क्षणात उडी घेते, आणि फेरे वाढले की तिथेच ठोका ऐकू येतो. मी असे कॅम घासून दुरुस्त केले आहेत, त्यावर स्पर्शबिंदूच्या जागी चकाकणारा पट्टा स्पष्ट दिसतो.

आरेखन_शिकाऊ

नमस्कार. हा कॅम नाही, पंपाच्या झाकणाखालचे गॅस्केट आहे. ते 1.5 मिमी जाडीच्या रबर मिसळलेल्या कॉर्कच्या शीटमधून कापायचे आहे. मोठ्या वर्तुळात 56 व्यासाचे आणि लहान वर्तुळात 11 व्यासाचे भोक आहे.

कंपासपेटी

कॅमवाले यांचे म्हणणे कॅमला लागू करायचे असेल तर अगदी खरे आहे, आणि बाह्यरेषा पाहून त्यांना कॅम वाटला यात नवल नाही. वरची बाजू हुबेहूब तशीच आहे. गॅस्केटमध्ये मात्र काही हलत नाही, त्यामुळे वक्रतेची उडी इथे निरुपद्रवी आहे. इथे स्पर्श एवढ्यासाठीच हवा की कोपऱ्यापाशी शीट फाटू नये आणि कड झाकणाच्या कडेबरोबर चालावी.

लेझर_ताई

मी लेझर कटिंगचे काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या फायलींपैकी कितीतरी इथेच अडतात, म्हणून लिहिते. माझ्याकडे एकदा एका ग्राहकाने अशाच गॅस्केटची डीएक्सएफ फाइल पाठवली. पडद्यावर ती निर्दोष दिसत होती. यंत्राने मात्र बाह्यरेषा चार तुकड्यांत कापली आणि प्रत्येक सांध्यावर थांबून नव्याने छिद्र पाडून सुरुवात केली, त्यामुळे चारही सांध्यांवर जळाल्याचे ठिपके उमटले. फाइल उघडून पाहिली तेव्हा कळले की त्यांनी स्पर्शबिंदूंचे निर्देशक दोन दशांशांपर्यंत हाताने टाइप करून कंस काढले होते. टोकांमध्ये काही शतांश मिलिमीटरच्या फटी होत्या आणि आमच्या सॉफ्टवेअरने त्यांना वेगवेगळे तुकडे मानले.

म्हणून विनंती अशी की वर दिलेले 75.05,11.13 किंवा 26.80,-29.69 हे आकडे कृपया टाइप करू नका. ते ताळा करण्यापुरते आहेत. पूर्ण वर्तुळे काढून `TRIM` केले की टोक संगणक स्वतः पूर्ण अचूकतेने ठरवतो. नंतर `PEDIT` ने चारही कंस जोडून एकच बंद पॉलिलाइन करा. जोडताना फटीची मर्यादा शून्य ठेवा. शून्य ठेवून जोडले गेले नाही, तर कुठेतरी खरोखर फट आहे असे समजा आणि ती शोधा, मर्यादा वाढवून झाकू नका.

माझा स्वतःचा एक प्रश्नही विचारते. बीमच्या रुंदीसाठी बाह्यरेषा बाहेर सरकवावी लागते. ती सरकवल्यावर स्पर्श टिकतो का? मी आजवर तसे गृहीत धरत आले आहे.

कंपासपेटी

टिकतो. `OFFSET` मध्ये केंद्रे हलत नाहीत, फक्त त्रिज्या बदलतात. 0.1 बाहेर सरकवले तर 40 चे 40.1, 15 चे 15.1 आणि 112 चे 112.1 होते, आणि आत दबलेल्या 57 चे मात्र 56.9. बेरजा आणि फरक पूर्वीइतकेच, 97 आणि 72, राहतात, म्हणून स्पर्श अबाधित राहतो. मूळ आरेखनात कोपरा राहिला असेल तर तो मात्र नाहीसा होणार नाही, सरकवलेल्या रेषेतही तिथे सांधा बिघडलेलाच राहील.

पत्राकाम

कंसाबद्दल माझे चुकले, हे मान्य करतो. आजवर मी ज्या गॅस्केटना हा उपाय केला ती हाताने कात्रीने कापली जात होती, म्हणून कधी लक्षात आले नसावे. पण मला एक विचारायचे आहे. कंपासपेटी म्हणतात ते पडद्यावर कसे ओळखायचे? मोठे करून पाहिले तरी एखाद्या अंशाचा कोपरा मला दिसत नाही.

कंपासपेटी

डोळ्यांवर सोडू नका. मी दोन ताळे करतो. पहिला म्हणजे `DIST` ने केंद्र ते केंद्र अंतर मोजायचे. वरच्या कंसासाठी 72 आणि 97 आले पाहिजे, खालच्यासाठी 97 आणि 72. तिथे 71.98 दिसले तर तो कंस स्पर्श करत नाही, मग चित्र कितीही छान दिसो.

दुसरा ताळा मला जास्त आवडतो. बाह्यरेषेवरून घड्याळाच्या दिशेने पूर्ण फेरी मारली तर तुमचे तोंड एकूण 360 अंश वळलेले असते. कोपरा नसेल तर हे सगळे वळण कंसांतच व्हायला हवे. प्रत्येक कंस निवडून गुणधर्मांच्या यादीत त्याचा एकूण कोन पाहा. इथे वरचा कंस 42.075, लहान वर्तुळाचा 137.925 आणि मोठ्या वर्तुळाचा 222.075 अंश येतो. आत दबलेला R57 उलट वळवतो, म्हणून त्याचे 42.075 वजा करायचे. बेरीज नेमकी 360 येते. पत्राकाम यांच्या पद्धतीच्या आरेखनावर हीच बेरीज करून पाहा, जेवढी तफावत येईल तेवढे वळण सांध्यांवरच्या कोपऱ्यांत गेलेले आहे.

आरेखन_शिकाऊ

सर्व ताळे करून पाहिले. चार वर्तुळे काढून कापली, `PEDIT` मध्ये फटीची मर्यादा शून्य ठेवून ती जोडली गेली, आणि `LIST` मध्ये परिमिती 315.25 आली. कोनांची बेरीज 360 आहे. माझ्या आधीच्या आरेखनातली बेरीज 360 पेक्षा जास्त आली आणि ती तफावत मी स्वतः मोजली.

पण आता दुसरी शंका निर्माण झाली आहे. आमच्या फोरमनना झेरॉक्स दाखवली तेव्हा त्यांनी तो आकडा 102 असा वाचला. भिंगातून पाहिले तरी निर्णय होत नाही. जुने गॅस्केट आहे, पण ते दाबून पसरलेले आहे आणि कडा चिरडल्या आहेत. त्यावरून त्रिज्या मोजून ठरवता येईल का?

कंपासपेटी

मोजून ठरवणे अवघड आहे. मी आत्ता दोन्ही काढून पाहिले. 102 घेतले तर अंतरे 62 आणि 87 होतात आणि केंद्र 3.85,-61.88 वर येते. दोन्ही बाह्यरेषांची तुलना x = 40 वर केली तर 112 ची रेषा 32.6 उंचीवर आणि 102 ची 33.5 उंचीवर आहे. म्हणजे त्रिज्येत 10 मिलिमीटरचा फरक असूनही कडेत एक मिलिमीटरचासुद्धा फरक पडत नाही. लांब त्रिज्येच्या छोट्या कंसाचे हे नेहमीचेच आहे, आणि चिरडलेल्या कॉर्कच्या कडेवरून एवढा फरक कुणालाही खात्रीने सांगता येणार नाही.

माझा कौल मात्र 112 ला आहे. 112 वजा 40 हे 72 आणि 57 अधिक 15 हेही 72. दोन्ही जोडकंसांची केंद्रे दोन्ही वर्तुळांच्या बरोबर खाली, एकाच आडव्या रेषेवर येतात. 57 आणि 112 हे एरवी कुणी सहज निवडावेत असे आकडे नाहीत. बोर्डावर काम करणाऱ्या माणसाने टी-स्क्वेअरने एक आडवी रेषा ओढून तिच्यावर दोन्ही केंद्रे बसवली असावीत, असे मला दिसते. 102 मध्ये ही संगती मोडते.

कॅमवाला

हा युक्तिवाद सुंदर आहे, पण पुरावा नाही. खालचा कंस आधी ठरला असेल आणि वरचा नंतर झाकणाच्या एखाद्या बरगडीसाठी बदलला असेल. दुरुस्त्या झालेली आरेखने मी पुष्कळ पाहिली आहेत.

लेझर_ताई

कापण्याच्या दृष्टीने दोन्हींतले कोणतेही चालेल, कारण कड बोल्टपासून आणि सील होणाऱ्या भागापासून दूर आहे. तरीही शक्य असेल तर झाकणावरून ठरवा. ओतीव झाकणाच्या यंत्रावर घासलेल्या पृष्ठभागावर कागद दाबून धरा, पेन्सिल आडवी करून घासा, त्यात दोन्ही भोके येऊ द्या. मग तो कागद स्कॅन करून भोकांच्या केंद्रांमधले अंतर 65 होईल असे माप लावा आणि दोन्ही कंस त्यावर ठेवून पाहा.

पत्राकाम

आणि या वेळी नव्या आरेखनावर दोन्ही केंद्रांची मापेही लिहून ठेवा. एक पुसट अंक वाचला नाही म्हणून एवढे झाले. केंद्राचे -72 लिहिलेले असते तर 112 आपोआप मिळाले असते.

कंपासपेटी

यावर मी सहमत नाही. त्रिज्या आणि केंद्र दोन्ही दिले की एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते, आणि पुढे कुणी एक बदलून दुसरे तसेच ठेवले तर कारागिराने कोणते खरे मानायचे? फारतर संदर्भमाप म्हणून कंसचिन्हांत लिहावे.

आरेखन_शिकाऊ

झाकण सध्या पंपावर बसवलेले आहे, शनिवारी देखभालीसाठी उघडतील तेव्हा कागदावर छाप घेईन. तोपर्यंत दोन्ही कंस वेगवेगळ्या थरांवर काढून ठेवले आहेत. केंद्रांची मापे कंसचिन्हांत लिहायची की नाही, हे फोरमनना विचारून ठरवतो. छाप मिळाली की x = 40 जवळची कड मोजून इथे कळवतो.